अंगठ्याजवळचं हाड आणि माझे टोकदार बूट

उजव्या पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी, आतल्या बाजूला टेंगूळ आलं होतं. संध्याकाळी ते लालबुंद होऊन ठणकायचं. मला वाटलं, हाड वाढतंय. ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला तेव्हा कळलं, की अंगठा बाजूच्या बोटाकडे कलला होता आणि त्याच्यामागचं तळपायाचं लांब हाड उलट दिशेला, म्हणजे पावलाच्या आतल्या बाजूला सरकलं होतं. टेंगूळ म्हणजे त्या हाडाचं डोकं. बूट त्यावर घासला की वरची कातडी आणि तिच्याखालची द्रवाने भरलेली छोटी पिशवी सुजते. याला बनियन म्हणतात. पायाची ठेवण बहुधा घराण्यातून येते (आईचा अंगठा अगदी असाच!), निमुळते बूट दुखणं वाढवतात.

घरी कागदावर उभी राहून पाऊल आखलं आणि त्यावर बूट ठेवला. चवड्यापाशी रेघ दोन्हीकडून बोटभर बाहेर! मग पुढे रुंद, मऊ, सपाट बूट घेतले, तेही संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना. ठणका लागलाच तर बर्फ. दीड महिन्यात दुखणं जवळजवळ गेलं. अंगठा मात्र वाकडाच आहे. तो सरळ करायला शस्त्रक्रियाच लागते आणि दुखत नसेल तर डॉक्टर ती सुचवत नाहीत.