जुन्या घरगुती डेस्कटॉपवर नवे गेम : वर्षभराच्या अपग्रेडमध्ये या चुका टाळा

माझ्या आतेभावाच्या घरी २०१४ साली घेतलेला डेस्कटॉप आहे. त्यात एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, आय३-४१३० प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि कॅबिनेटसोबत मिळालेला, वीज पुरवणारा एसएमपीएस आहे. दरमहा १,००० रुपये बाजूला टाकून वर्षभरात हा संगणक गेमसाठी तयार करायचा, असे त्याने आणि त्याच्या मुलाने ठरवले. अशा घरांत बहुतेक वेळा चूक होते ती वस्तूंच्या निवडीत कमी आणि त्यांच्या क्रमात जास्त.

पहिली चूक म्हणजे सुरुवातीलाच ग्राफिक्स कार्ड घेणे. गेम अडखळतो तेव्हा सगळा दोष कार्डाच्या माथी मारला जातो. गेम चालू असताना टास्क मॅनेजर उघडून पाहा. तिथे डिस्क सतत १०० टक्क्यांवर आणि रॅम भरलेली दिसत असेल, तर कितीही चांगले कार्ड बसवले तरी अडखळणे थांबणार नाही. म्हणून पहिल्या चार महिन्यांचे पैसे अडीच इंची साटा एसएसडी आणि रॅम यांवरच खर्च करावेत. एच८१ बोर्डावर रॅमचे दोनच स्लॉट असतात आणि मर्यादा १६ जीबीची असते, त्यामुळे ८ जीबीच्या दोन समान पट्ट्या घ्याव्यात. एकच पट्टी लावल्यास मेमरी एकाच चॅनेलवर चालते आणि तिचा वेग निम्म्यावर येतो. ऑनलाइन बाजारात फारच स्वस्त मिळणाऱ्या काही डीडीआर३ पट्ट्या फक्त एएमडीच्या बोर्डांवर चालतात; तशी पट्टी इंटेलच्या बोर्डावर लावल्यास पडदा काळाच राहतो. मागवण्यापूर्वी वर्णनातील ती बारीक ओळ आवर्जून वाचावी.

दुसरी चूक एसएमपीएसवरील मोठ्या आकड्यावर विसंबण्याची. आतेभावाच्या एसएमपीएसवर ४५० वॅट असे ठळक छापलेले होते, परंतु खालच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर लिहिले होते. याचा अर्थ प्रोसेसर आणि कार्ड या दोघांसाठी मिळून जेमतेम १९२ वॅट, आणि तेही तो तक्ता खरा असेल तर. गेम सुरू होताच निळा पडदा न येता संगणक एकाएकी पुन्हा सुरू होत असेल, तर पहिला संशय एसएमपीएसवर घ्यावा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये `Kernel-Power 41` अशी नोंद सापडेल. मात्र ती केवळ संगणक नीट बंद झाला नाही एवढेच सांगते, त्यामुळे दुसरा एसएमपीएस लावून पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. आम्ही पाचव्या-सहाव्या महिन्याचे पैसे यासाठी राखून ठेवले.

तिसरी चूक मला सर्वांत महागडी वाटते, कारण ती पुरेशी चौकशी करणाऱ्यांकडूनही होते : कार्ड जितके नवे तितके चांगले, असे मानणे. आरएक्स ६५०० एक्सटी हे २०२२ सालचे कार्ड २०१९ च्या जीटीएक्स १६५० पेक्षा कागदावर सरस आहे. परंतु ते बोर्डाशी फक्त चार लेनने, म्हणजे माहिती वाहणाऱ्या चार समांतर मार्गांनी, जोडले जाते, तर जीटीएक्स १६५० सोळा लेन वापरते. एच८१ बोर्डाचा स्लॉट पीसीआय एक्स्प्रेस २.० चा असतो आणि त्यात प्रत्येक लेनमधून सेकंदाला साधारण ५०० एमबी माहिती जाते. म्हणजे नव्या कार्डाच्या वाट्याला सेकंदाला २ जीबी येतात, जुन्याच्या वाट्याला ८ जीबी. कार्डावरची ४ जीबी मेमरी भरली, की गेम उरलेली टेक्श्चर संगणकाच्या रॅममधून या अरुंद वाटेने ओढू लागतो आणि दृश्य झटके खात पुढे सरकते. टेक्श्चर ‘लो’ केल्यावर झटके थांबले, तर कारण बहुधा हेच असते.

कार्ड वापरलेले घेत असाल, तर विक्रेत्याच्या संगणकावर जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारे सॉफ्टवेअर उघडून `Bus Interface` ही ओळ वाचावी. शेजारच्या `?` वर टिचकी मारून चाचणी चालू केल्यावरच खरा वेग दिसतो, कारण रिकामे असताना कार्ड तो आपोआप उतरवते. जीटीएक्स १६५० च्या अनेक मॉडेलना वेगळी वीजजोडणी लागत नाही आणि ती ७५ वॅटवर भागवतात, म्हणून दहाव्या महिन्यात आम्ही तेच घेतले.

प्रोसेसर शेवटी. गेममध्ये प्रोसेसर १०० टक्के आणि कार्ड ६० टक्क्यांच्या आसपास दिसले, तरच जुना आय५-४५७० शोधावा. आय५-४५९० घेतल्यास काही जुन्या एच८१ बोर्डांचे बायोस आधी अद्ययावत करावे लागते, ते न करता प्रोसेसर बदलला तर संगणक चालूच होत नाही.

या बोर्डावर एक मर्यादा मात्र पैशाने हटत नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि आय३-४१३० सारखे चौथ्या पिढीचे प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. काही ऑनलाइन स्पर्धात्मक गेम सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० या सुरक्षा सोयींशिवाय सुरूच होत नाहीत. मुलाला हवा असलेला गेम त्यांपैकी असेल, तर पहिल्या महिन्याचे १,००० रुपयेही या संगणकावर खर्च करू नयेत. ते नव्या बोर्डासाठी साठवावेत.