शेत मोजताना या चुका टाळा: समोरासमोरच्या बांधांची सरासरी काढू नका

वेडंवाकडं शेत मोजताना सर्रास एक हिशेब केला जातो. समोरासमोरच्या दोन बांधांची सरासरी काढायची, उरलेल्या दोघांची काढायची आणि दोन्हींचा गुणाकार करायचा. हा हिशेब पूर्ण आयताकृती शेतातच खरा ठरतो. इतर प्रत्येक चौकोनी शेतात तो क्षेत्र जास्तच दाखवतो, कमी कधीच नाही. बाजेचे सांधे ढिले झाले की बाज कलते. चारही दांडे तेवढ्याच लांबीचे राहतात, मधली जागा मात्र कमी होते. म्हणून चार बांधांच्या मापावरून शेताचं क्षेत्र कळत नाही. निदान एक कर्ण मोजावाच लागतो.

रावेर तालुक्यात माझ्या मामांचा केळीचा तुकडा आहे. चार बांध 260, 280, 312 आणि 204 फूट. मामांनी घाईघाईत सरासरी काढली: 286 गुणिले 242, म्हणजे 69,212 चौरस फूट. केळी सहा बाय पाचवर लावायची होती, एका रोपाला 30 चौरस फूट. त्या हिशेबाने 2,300 रोपं आणली. लागण संपली तेव्हा बांधावर दोनशे रोपं उरली होती. मामा म्हणाले, "भाचा, ओळी चुकल्या का रे?" ओळी बरोबर होत्या, क्षेत्र चुकलं होतं. टिश्यूकल्चरची रोपं परत कोण घेणार? विकत आणलेली रोपं डोळ्यांदेखत सुकताना पाहिली, तेव्हापासून हा हिशेब कुणी करताना दिसला की मी तिथेच थांबवतो.

पुढच्या वेळी रान नांगरून मोकळं होतं तेव्हा आम्ही ते नीट मोजलं. कोपऱ्यांना क्रमाने क, ख, ग, घ म्हणू. कख 260, खग 280, गघ 312, घक 204. क ते ग दोरी ताणली, ती 300 फूट भरली. शेताचे दोन त्रिकोण झाले आणि दोघांचा पाया हीच दोरी. आता ख आणि घ पासून दोरीपर्यंतची उंची हवी.

दुसरी मोठी चूक इथेच होते. लोक तिरका बांधच उंची म्हणून धरतात. ख कडच्या त्रिकोणात 260 धरले तर 39,000 चौरस फूट येतात. खरी उंची 224, म्हणजे 33,600. एकाच त्रिकोणात पाच गुंठ्यांचा फरक! उंची दोरीला काटकोनातच हवी, आणि काटकोन नजरेने ठरत नाही.

मी तो असा काढतो. टेपचं शून्य ख वर धरायला एक माणूस उभा करतो. टेप 230 फुटांवर पकडून दोरीला कुठे टेकतो ते पाहतो, अशा दोन जागा सापडतात. इथे त्या क पासून 80 आणि 184 फुटांवर होत्या. दोन्हींचा मध्य 132, तोच लंबाचा पाय. तिथून ख पर्यंत 224 फूट भरले. नुसता टेप फिरवून सर्वांत कमी माप शोधलं तरी उंची मिळते, पण लंबाचा पाय नेमका कळत नाही, कारण तिथे माप फारसं हलतच नाही. घ साठीही असंच केलं: पाय क पासून 57 फुटांवर, उंची 196.

दोन उंचींची बेरीज 420, गुणिले पायाचा निम्मा म्हणजे 150. आले 63,000 चौरस फूट. गुंठा म्हणजे 33 बाय 33, 1,089 चौरस फूट. म्हणजे 57.85 गुंठे, एक एकर आणि जवळपास 18 गुंठे. मामांचा आकडा 63.5 गुंठ्यांचा होता. रोपं लागतात 2,100.

पडताळा घेतल्याशिवाय मी घरी जात नाही. लंबाच्या दोन पायांमधलं अंतर 75 आणि उंचींची बेरीज 420, यावरून ख ते घ दुसरा कर्ण सुमारे 427 फूट यायला हवा. तो टेपने मोजायचा. दोन-तीन फुटांपेक्षा जास्त फरक पडला तर कुठलं तरी माप चुकलंय. "कशाला दुसऱ्यांदा चालायचं?" असं विचारणाऱ्या नव्या पोरांना मी हीच चाल आधी चालायला लावतो.

बाकीच्या चुका थोडक्यात. 112 फूट 6 इंच म्हणजे 112.5, 112.6 नव्हे. टेप झोळ खाऊ देऊ नका, माप फुगतं. नाल्याकडचा बांध वाकडा असेल तर सरळ दोरी ताणून दर 50 फुटांवर दोरीपासून बांधापर्यंतचं अंतर घ्या. बांध बाहेर फुगलेला असेल तर ते क्षेत्र मिळवा, आत शिरला असेल तर वजा करा.

हे माप रोपं, खत, ठिबक आणि नांगरटीच्या मजुरीसाठी. बांधाचा वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा, तिथे आपला टेप चालत नाही.