ताडोब्याला जाताय? तीन सफाऱ्या एकाच गेटच्या घ्या

आपल्याकडून, नांदेड-परभणीहून, ताडोब्याला जाणारे बरेचजण एकच सफारी घेतात आणि वाघ दिसला नाही म्हणून हिरमुसून परततात. आम्हीही पहिल्यांदा तेच केलं.

मे महिन्यात पुन्हा गेलो, तेव्हा बुकिंग असं केलं:

१. पहिल्या दिवशी दुपारची, दुसऱ्या दिवशी सकाळची आणि दुपारची, अशा सलग तीन सफाऱ्या.
२. तिन्ही मोहर्ली गेटच्या. वेगवेगळी गेटं घेतली की जागा बदलून जास्त दिसेल असं वाटतं, पण वाघ कुठे थांबला होता हा कालचा धागा तुटतो. पहिल्या दुपारी आम्हाला धुळीत फक्त ताजे पंजे दिसले, पाणवठ्याकडे गेलेले. दुसऱ्या सकाळी गाईडला ते सांगितलं, त्याने गाडी थेट तिथे नेऊन बंद केली. पाऊण तासाने वाघीण पाण्यात येऊन बसली.
३. महिना एप्रिल किंवा मे. ऊन सोसवत नाही हे खरं, पण पाणी आटल्यामुळे जनावर पाणवठा सोडत नाही. हिवाळ्यात जंगल सुंदर असतं, पण दाट गवतात वाघ दहा फुटांवर असला तरी दिसत नाही.

तरीही वाघाची खात्री नाहीच. बिबट्या तर त्याहून अवघड, त्याच्या आशेवर बेत आखू नका.

मंगळवारी जंगलाचा आतला कोअर भाग बंद असतो, तेव्हा आधी वार बघा.