दुधाचं ५ रुपये अनुदान नक्की कुणाला मिळतं? या चुका टाळा

कर्नाटकात सोसायटीला दूध घालणाऱ्याला सरकार लिटरमागं ५ रुपये देतं आणि ते थेट खात्यावर पडतात, त्यामुळं पीयूसीच्या पोरांपासून निपाणीतल्या कट्ट्यावरच्या मंडळींपर्यंत सगळे एकच चूक करतात, की खातं शेतकऱ्याचं म्हणजे पाचच्या पाच रुपये शेतकऱ्याचेच. खातं बघून काही कळत नाही, अनुदानाआधीचा दर आणि नंतरचा दर बघा.

गणितच करू, आकडे मनाचे धरलेत. Qd म्हणजे मागणी, Qs म्हणजे पुरवठा, P म्हणजे लिटरचा दर.

```
Qd = 1200 - 20P
Qs = 30P - 300
```

अनुदान नसताना दर ३०, दूध ६०० लिटर. आता शेतकऱ्याला दरावर ५ जास्त मिळणार, म्हणून फक्त पुरवठ्यात P च्या जागी P + 5 घालायचं, मग P येतो २७. गिऱ्हाईक २७ देतंय, शेतकऱ्याला ३२ पडतात, दूध ६६० लिटर. म्हणजे ३ रुपये गिऱ्हाइकाला सुटले आणि शेतकऱ्याला वाढीव मिळाले २च! कारण इथं दर रुपयानं बदलला की शेतकऱ्याचं दूध ३० लिटरनं हलतं, गिऱ्हाइकाची मागणी २० नीच, आणि जो कमी हलतो त्याच्याकडं जास्त फायदा राहतो. सुरुवातीला मात्र उलटं होतं, कारण म्हशी काय आठवड्यात वाढत नाहीत, दूध तेवढंच राहतं आणि बहुतेक पैसे शेतकऱ्याकडंच थांबतात.

पेपरात पोरं दर सरळ ३० वरून २५ करून मोकळी होतात. रेषा ५ नी खाली येते हे खरं, पण दर तेवढा उतरत नाही. ताळा सोपा आहे, २७ ला मागणी काढा, ३२ ला जुना पुरवठा काढा, दोन्ही ६६० यायला पाहिजेत. आणि सरकारचा खर्च ५ × ६६० = ३३००, जुन्या ६०० वर काढू नका.

सीमाभागातली खास चूक वेगळीच आहे. "आपल्याला कोल्हापूरची डेअरी आहे की, सोसायटी दर पाडेलच कसा?" असं लोक म्हणतात. पण कोल्हापूरकडं ३० मिळत असतील आणि तिकडं घातलेल्या दुधाला इथलं अनुदान नसेल तर सोसायटीनं २५ दिले तरी ५ धरून ३०च होतात, शेतकरी कुठं जाणार? (सोसायटी सभासदांचीच, त्यामुळं थोडं बोनसमधून परत येईलही.) म्हणूनच २०२४ ला महाराष्ट्रानं ५ रुपये जाहीर केले तेव्हा डेअरीनं किमान अमुक दर द्यायचाच अशी अट घातली होती.

तुमच्याकडं काय झालंय ते बघायचं तर दुधाच्या बिलाच्या जुन्या-नव्या स्लिपा काढा. नुसता दर पडला म्हणून लगेच ठपका ठेवू नका, थंडीत दूध वाढलं तरी दर पडतो. त्याच आठवड्यातला, त्याच फॅटचा कोल्हापूरकडचा दर शेजारी ठेवा, तिकडं पडला नाही आणि इथंच पडला तर अनुदान वरच्यावर गेलंय.