संक्रांत झाली, दिवस वाढतोय: तलंगा काट्यावर घ्या

नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात लेयरची, म्हणजे अंड्यांसाठीच्या कोंबड्यांची, पिल्लं आणलेल्यांच्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या, आता आठ आठवड्यांच्या होत आल्या असतील. ब्रूडिंगची धावपळ संपली, मर थांबली, म्हणून माणूस थोडा सैलावतो. मराठवाड्यातल्या शेडमध्ये मी सगळ्यात जास्त नुकसान याच दोन-अडीच महिन्यांत होताना पाहिलं आहे. कारण दर वेळी तेच असतं: काटा शेडमध्ये आलाच नाही. पक्षी डोळ्यांनी बघून "बरे दिसतात" म्हटलं आणि वय भरलं म्हणून अंड्यासाठी दिवे लावले.

गेल्या वर्षी अंबाजोगाईकडच्या 500 पक्ष्यांच्या एका शेडमध्ये दहाव्या आठवड्यात मी 50 तलंगा तोलल्या. त्यांच्या जातीच्या तक्त्यात त्या वयाला 700 ग्रॅम होते आणि सरासरीही बरोबर 700 आली. मालक खूश झाला. मग आम्ही एकेकीचं वजन वहीत मांडलं. सरासरीच्या दहा टक्के खाली ते दहा टक्के वर, म्हणजे 630 ते 770 ग्रॅममध्ये फक्त 31 पक्षी बसले. 11 खाली होते, 8 वर. म्हणजे एकसारखेपणा 62 टक्के. तो 80 च्या वर हवा. टोपलीत दहा-दहा पक्षी भरून एकदम तोलले असते तर हे कधीच कळलं नसतं, कारण टोपली फक्त सरासरी सांगते.

तोलायची रीत अशी. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, खाद्य टाकण्याआधी, एकच काटा वापरून. जाळी किंवा पुठ्ठ्याने शेडच्या दोन-तीन ठिकाणी घोळका अडवायचा आणि अडवलेल्या सगळ्या पक्ष्यांना एकेक करून तोलायचं. हाताला लागेल ती पकडली तर मंद, हलक्याच जास्त येतात. लहान शेडला 50 पक्षी, मोठ्याला 100. तोलताना छातीचं हाड दोन बोटांत चाचपा. हाड सुरीसारखं टोचलं तर आकडा काही म्हणो, त्या पक्ष्याला पोट भरून मिळत नाही. संध्याकाळी अंधार पडताना पाच-दहा जणींची अन्नपिशवीही चाचपतो मी. रिकामी लागली की भांडी कमी आहेत, असं मी धरूनच चालतो.

आणि बहुतेक वेळा तीच कमी असतात. या वयाला दर पक्ष्यामागे 8 सेंटिमीटर खाद्यभांड्याची कड लागते. चार फुटी लांबट भांड्यावर दोन्ही बाजूंनी मिळून 30 पक्षी उभे राहतात, म्हणजे 500 पक्ष्यांना 17 भांडी. अंबाजोगाईच्या त्या शेडमध्ये 10 होती. दांडग्या तलंगा मक्याचे दाणे वेचून जायच्या आणि दुबळ्यांना तळाचा भुगा उरायचा. आम्ही भांडी वाढवली, 630 च्या खालच्या सगळ्या वेगळ्या करून एका कप्प्यात ठेवल्या आणि दुपारी एकदा भांडी साफ रिकामी होऊ द्यायला सांगितलं, म्हणजे भुगाही खाल्ला जातो. जड पक्ष्यांचं खाद्य तोडलं नाही, तोडूही नका. चौदाव्या आठवड्याला एकसारखेपणा 81 टक्क्यांवर आला. भांड्यांचा खर्च सोडला तर औषधाला एक रुपया लागला नाही. त्याआधी दुकानदाराने त्या मालकाला लिव्हर टॉनिक आणि वाढीचं द्रावण असे दोन कॅन दिले होते. हलका पक्षी दिसला की टॉनिक विकलं जातं. आधी भांडी मोजा, मग जंताचं बघा, आणि तरीही वजन उठलं नाही तर पशुवैद्यकाकडून कॉक्सीची, म्हणजे आतड्यातल्या परजीवीच्या रोगाची, तपासणी करून घ्या.

हे सगळं बाराव्या आठवड्याच्या आत व्हायला हवं. कोंबडीचा सांगाडा बारा-तेरा आठवड्यांत जवळजवळ पूर्ण होतो. त्यानंतर चरबी चढते, चौकट वाढत नाही. आपल्याकडे तर पुढे एप्रिल उभा आहे. पारा 40 च्या पुढे गेला की तलंगा खाणं सोडतात आणि शेवटच्या महिन्यात मागे पडलेलं वजन भरून निघत नाही. मार्च लागायच्या आत वजन तक्त्याच्या थोडं पुढेच असू द्या.

आता उजेडाचं. संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने वाढतो असं आपण म्हणतो आणि तलंगेला ते तीळ मोजता येतात. वाढत्या वयात उजेडाचे तास वाढत गेले की अंगाची वाढ होण्याआधीच ती अंड्यावर येते. पंधराव्या-सोळाव्या आठवड्यातच तुरा लाल होतो, ती हात लावताच दबून बसते, 30-35 ग्रॅमची अंडी देते. मालकाला आनंद होतो. मग काही दिवसांत अंग बाहेर आलेले पक्षी दिसू लागतात, बाकीच्या तिथेच टोचतात आणि रोज एक-दोन मरतात.

परभणीच्या आसपास फेब्रुवारीच्या सुरुवातीला झुंजूमुंजूपासून दिवेलागणीपर्यंत सुमारे बारा तास उजेड असतो. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे या तलंगा 18 आठवड्यांच्या होतील तेव्हा, तो सव्वातेरा तासांवर जातो. हा सवा तास वाढताना पक्ष्याला जाणवू द्यायचा नाही. म्हणून आत्ताच सव्वातेरा तास धरा. पहाटे 5:25 ला दिवा लावा, नीट उजाडलं की बंद करा. सायंकाळ जितकी मिनिटं लांबेल तितकी मिनिटं पहाटेचा दिवा उशिरा लावा. एप्रिलपर्यंत दिव्याची गरजच उरणार नाही. पहाटे पक्षी गारव्यात खातात, हा उन्हाळ्यातला वेगळा फायदा. मात्र हे नवव्या आठवड्याच्या आत सुरू करा. दहा आठवडे उलटून गेलेल्या, आजवर नुसत्या नैसर्गिक उजेडावर असलेल्या तलंगांना एकदम तास वाढवू नका.

वीज जाते तिथे साधा टायमर मागे पडतो. त्याला बॅटरी हवी, नाहीतर रोज घड्याळ बघून हाताने दिवा लावा. मुंगूस किंवा चोराच्या भीतीने अंगणात रात्रभर लावलेला बल्ब शेडमध्ये उजेड टाकत असेल तर त्याचं तोंड फिरवा. शेजारच्या लग्नाचे हॅलोजन एखाद्या रात्रीपुरते असतात. हा बल्ब मात्र रोज रात्रभर जळतो.

बाकीची कामं:
- जंतनाशक आठव्या-नवव्या आठवड्यात, पुढे लिटरवर, म्हणजे भुशाच्या गादीवर, असलेल्यांना महिन्या-दीड महिन्याने, मात्रा पशुवैद्यकाकडून.
- राणीखेतची आर-टू-बी आणि देवीची लस राहिली असेल तर आत्ताच.
- चोच दुसऱ्यांदा कापणं 10 ते 12 आठवड्यांत.
- लिटरवर दर पक्ष्याला 1 चौरस फूट जागा.
- ग्रोअर खाद्यात 16 टक्के प्रथिनं, 1 टक्का कॅल्शियम. ओलसर, बुरशी आलेला मका नको.

अठराव्या आठवड्यात पुन्हा काटा. पांढऱ्या लेगहॉर्न जातीच्या व्यापारी तलंगेचं वजन साधारण 1200 ग्रॅमच्या वर हवं. नेमका आकडा तुमच्या जातीच्या तक्त्यात बघा. वजन भरलं आणि एकसारखेपणा 80 च्या वर असेल तरच उजेड वाढवायचा. आठवड्याला अर्धा तास, 16 तासांपर्यंत. नंतर अंड्यावर असेतो तो कमी करायचा नाही. वजन भरलं नसेल तर एक-दोन आठवडे थांबा, दिवा वाढवू नका आणि लेयर खाद्यही सुरू करू नका. त्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, अंड्यावर न आलेल्या पक्ष्याला ते आठवडेन् आठवडे दिलं तर मूत्रपिंड बिघडतं. "अंडं लवकर येईल" म्हणून दुकानातून मिळणारं पातळ कॅल्शियम याच वेळी गळ्यात मारलं जातं. त्या पैशात 10 किलोचा चांगला टांगता काटा येतो. तो आधी घ्या आणि येत्या रविवारी सकाळी, खाद्य टाकण्याआधी, पहिले 50 पक्षी तोला.