३ एमबीची सही ३० केबीत कशी बसवली

प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरायला बसलो तेव्हा वाटलं होतं, नाव-पत्ता टाकायचा, फी भरायची, अर्ध्या तासात मोकळं. एकट्या सहीनेच दोन तास खाल्ले.

माहितीपत्रकात सहीची मर्यादा होती ४ ते ३० केबी. मोबाइलवर काढलेला फोटो ३ एमबीचा. ॲपमध्ये टाकून थेट ३० केबीवर आणला, तर सही शाई फुटल्यासारखी दिसायला लागली. मोठं करून बघितल्यावर घोळ कळला. सही मधे एवढीशी, भोवती सगळा कागद आणि त्यावर माझ्याच हाताची सावली. केबी त्या सावलीवरच खर्च होत होते.

मग दिवसा खिडकीपाशी बसून कोऱ्या कागदावर काळ्या पेनने सही केली आणि फ्लॅश बंद ठेवून फोटो काढला. आधी सहीच्या अगदी कडेपर्यंत क्रॉप केलं, मग रुंदी ४०० पिक्सेलवर आणली. फाइल १२ केबीची झाली, क्वालिटीला हातही लावावा लागला नाही. क्रम हाच ठेवा: क्रॉप, पिक्सेल, आणि तरीही मोठी राहिली तरच क्वालिटी. फाइल फारच लहान झाली तरी नाकारली जाते. खालची मर्यादा कोणी वाचत नाही, मीही वाचली नव्हती.

फोटोचं माप ३.५ बाय ४.५ सेंटिमीटर दिलेलं होतं. स्क्रीनवर सेंटिमीटर कुठून आणायचे? २०० डीपीआय, म्हणजे एका इंचाला २०० पिक्सेल, धरलं तर ते २७६ बाय ३५४ पिक्सेल होतात. ॲपमध्ये हे आकडे नुसते टाकले तर चेहरा ओढल्यासारखा होतो, म्हणून आधी ७:९ प्रमाणात क्रॉप करायचं. आणि `photo.png` चं नाव बदलून `photo.jpg` केल्याने फाइल जेपीजी होत नाही. ती ॲपमधून जेपीजी म्हणून नव्याने सेव्ह करावी लागते.

विषय कोड मी शेवटी निवडणार होतो, पण फी विषयांच्या संख्येवरून ठरत होती, त्यामुळे तो आधीच पक्का करावा लागला. यादीत एकाच नावाचे दोन विषय होते, फरक फक्त कंसातल्या एका शब्दाचा. माहितीपत्रक शेजारी उघडून कोडचा आकडा जुळवला. विषयाच्या नावावर विसंबलो असतो तर फसलो असतो.

फी भरताना पैसे कटले आणि स्क्रीनवर मात्र ‘पेंडिंग’. हात पुन्हा ‘पे’ बटणाकडे गेलाच होता. आधी व्यवहार क्रमांक लिहून घेतला, लॉगआउट करून थोडं थांबलो. तासाभराने पुन्हा लॉगिन केलं तर फी जमा झालेली होती आणि कन्फर्मेशन पेज आलं होतं. ते डाउनलोड करून उघडलं आणि पहिल्यांदा सहीचा चौकोनच बघितला.