मधली वर्षं कुठे आहेत?

व्यापार कायद्यात नवीन होतो, तेव्हा सेफगार्डच्या, म्हणजे आयात अचानक वाढून देशी उद्योगाला फटका बसल्यावर मागायच्या तात्पुरत्या संरक्षणाच्या, एका अर्जाचं काम माझ्याकडे आलं. पाच वर्षांचे आयातीचे आकडे होते. मी पहिलं आणि शेवटचं वर्ष घेतलं, टक्केवारी काढली आणि ‘आयात भरमसाट वाढली’ असं टिपण लिहून मोकळा झालो. सीनियरनी एकच प्रश्न विचारला, “मधली वर्षं कुठे आहेत?” आणि अर्जेंटिनाच्या पादत्राणांचा निकाल वाचायला दिला.

अर्जेंटिनाने पादत्राणांच्या आयातीवर सेफगार्ड शुल्क लावलं होतं आणि त्या खटल्यातही असंच झालं होतं. 1991 मध्ये अर्जेंटिनात साधारण 89 लाख जोड आयात झाले, 1995 मध्ये दीड कोटी. वाढ उघड दिसते. पण 1993 मध्ये आयात चांगली 2.18 कोटींवर गेली होती आणि नंतर दोन्ही वर्षं घसरली. 1992 चा आकडा 1.66 कोटी. म्हणजे तुलनेसाठी 1991 ऐवजी 1992 धरलं, की वाढीची घट होते! जागतिक व्यापार संघटनेचा सेफगार्ड करार ‘आयात होत आहे’ असं वर्तमानकाळात बोलतो. त्यावरून संघटनेच्या अपील मंडळाने 1999 मध्ये सांगितलं, की वाढ पुरेशी अलीकडची, अचानक, तीव्र आणि लक्षणीय हवी. आता मी आधी दोन-तीन वेगवेगळी वर्षं पाया धरून बघतो. उत्तर बदललं, तर बाजू लंगडी आहे असं समजतो.

दुसरी चूक जास्त छुपी होती. अर्जेंटिनाने नुकसान मोजताना मर्कोसूर या दक्षिण अमेरिकी व्यापार गटातल्या शेजारी देशांची आयातही धरली, कर लावताना मात्र त्यांना सूट दिली. हे चालत नाही. ज्यांच्या आयातीवर नुकसान सिद्ध केलं, त्या सगळ्यांना उपाय लागू व्हायला हवा.

नवख्यांचा इथे डम्पिंगशी घोळ होतो. डम्पिंगमध्ये निर्यातदार आपल्या बाजारापेक्षा स्वस्तात विकत असतो. सेफगार्डमध्ये त्याने काहीच चुकीचं केलेलं नसतं, म्हणून अट कडक: नुकसान ‘गंभीर’ हवं, आणि ते आयातीमुळे झालं हे दाखवावं लागतं. मागणी घटली, कारखाना जुनाट होता, कच्चा माल महागला, असल्या कारणांचा वाटा आयातीच्या माथी मारता येत नाही. माझ्या अर्जात मंदीचं वर्ष होतं. ते वेगळं काढताना निम्मं टिपण पुन्हा लिहावं लागलं.

मुदतही ठरलेली आहे. चौकशी चालू असताना हंगामी शुल्क जास्तीत जास्त 200 दिवस. एप्रिल 2025 मध्ये भारताने काही सपाट पोलादी मालावर लावलेलं 12 टक्के शुल्क असंच होतं. अंतिम उपाय जास्तीत जास्त चार वर्षं, वाढवला तर सहसा एकूण आठपर्यंत. एका वर्षाहून लांब असेल, तर तो टप्प्याटप्प्याने सैल करत न्यावा लागतो. म्हणून आता उद्योगाच्या माणसांशी पहिल्याच बैठकीत मी विचारतो, “या काळात तुम्ही नक्की काय बदलणार?” बहुतेकदा उत्तर यायला वेळ लागतो.